चौकशीत कर्णबधिर साक्षीदाराची 'शिवी': नोंदीत काय लिहायचं?

रबाळेकर

मंडळी, कामाच्या ठिकाणचा प्रश्न आहे, म्हणून नावं देत नाही. रबाळे एमआयडीसीतल्या एका पॅकिंग युनिटमध्ये मी ऑफिसला आहे. लाईनवर काही कर्णबधिर मुलं कामाला आहेत. त्यातल्या एकावर (त्याला 'क्ष' म्हणू) सुपरवायझरने तक्रार केली, की त्याने सगळ्यांसमोर हाताने घाणेरड्या खुणा केल्या. तक्रारीत दोन प्रसंग आहेत. सकाळी 'क्ष'ने सुपरवायझरला करंगळी दाखवली. दुपारी माल परत आला, तेव्हा 'आईवरून अश्लील हावभाव' केले.

खात्यांतर्गत चौकशी लागली. नोंदी लिहायला मी. दुभाषी म्हणून विशेष शाळेतल्या एक बाई आल्या, कुणाच्या तरी ओळखीने. साक्षीदार म्हणजे 'क्ष'च्या शेजारी काम करणारा मुलगा, तोही कर्णबधिर. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "दुपारी 'क्ष' नेमकं काय म्हणाला?" त्या मुलाने खांदे जरा वळवले, चेहरा एकदम रागीट केला आणि हाताने काहीतरी केलं. बाई कानकोंड्या झाल्या. म्हणाल्या, "तो शिव्या देतोय, सर." साहेबांना वाटलं, आपल्यालाच देतोय. साक्ष तिथेच थांबली. आता त्या साक्षीदारावरच शिस्तभंगाची भाषा सुरू झाली आहे.

नंतर दुसऱ्या एका मुलाने मोबाईलवर टाईप करून मला दाखवलं, की साक्षीदाराने कुणालाही शिवी दिलेली नाही आणि बाईंनी बरंच गाळलं. मी नोंदीत काय लिहू? 'साक्षीदाराने शिवीगाळ केली'? मुळात खुणांच्या भाषेत शिव्या असतात का? आणि असल्या तर दुभाष्याने त्या तोंडाने उच्चारायच्या असतात का?

मंदार७७

छान विषय. माझ्या पुतणीला बोलायला यायच्या आधी वहिनी खुणा शिकवत होती, 'दूध', 'अजून', 'झालं' वगैरे. ती लवकर बोलायला लागली असं वहिनीचं म्हणणं. हे कोणी आपल्या मुलांवर करून पाहिलंय का?

गडकरी_कट्टा

मंदार, धागा वाचून प्रतिसाद देत जा रे.

रबाळेकर, असतात म्हणजे काय, असणारच. आपणच बघा ना, ठेंगा दाखवतो, वाकुल्या दाखवतो, शिमग्याला तोंडावर उलटा हात आपटून बोंब मारतो. यांचं तर सगळंच हातावर. कुणीतरी यादी टाका, लोकलमध्ये उपयोगी पडेल. :)

पाचपाखाडी_वकील

कायद्याचं सांगतो. भारतीय साक्ष अधिनियम २०२३, कलम १२५ (जुन्या एव्हिडन्स ॲक्टचं ११९). बोलू न शकणारा साक्षीदार लिहून किंवा खुणांनी साक्ष देऊ शकतो आणि ती तोंडी पुरावाच मानली जाते. दुभाषी किंवा विशेष शिक्षक, दोघांपैकी कुणाचीही मदत घेता येते, त्यामुळे शाळेतल्या बाई आणल्या यात चूक काही नाही. आणि दुभाषी जे बोलला तेच रेकॉर्ड. हात कसे हलले ते लिहायची गरज नाही. बाई म्हणाल्या 'शिव्या देतोय', तर तसं लिहा आणि मोकळे व्हा.

हातवारे

वकीलसाहेब, पहिला भाग बरोबर. शेवटचा नाही.

मी भारतीय सांकेतिक भाषेची दुभाषी आहे. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतून शिकले, ठाणे आणि बेलापूर कोर्टात जाते, दवाखान्यांत जाते, कंपन्यांच्या अशा चौकशांतही जाते. तुम्ही सांगितलेल्याच कलमात पुढे आहे, की अशा साक्षीचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं. त्याला कारण आहे. राजस्थान सरकार विरुद्ध दर्शन सिंग या २०१२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं, की नोंद खुणांची हवी, नुसत्या त्यांच्या अर्थाची नाही. दुभाष्याला शपथ हवी आणि त्याचा त्या प्रकरणात काही हितसंबंध नको. कंपनीच्या चौकशीला साक्ष अधिनियम जसाच्या तसा लागत नाही हे मलाही माहीत आहे, पण खूण गेली आणि मागे नुसता अर्थ उरला, तर उद्या तो अर्थ तपासायचा कशावरून?

रबाळेकर, आधी मला एवढं सांगा. शूटिंग झालं का? साक्षीदार त्या क्षणी कुणाकडे बघत होता? आणि ती खूण करून झाल्यावर त्याने काय केलं?

रबाळेकर

शूटिंग नाही. कुणी सुचवलंच नाही.

बघत कुठे होता... साहेब त्याच्या समोर, बाई साहेबांच्या बाजूला. तो दोघांकडेही बघत नव्हता. उजवीकडे, थोडं वर, भिंतीकडे म्हणा. खूण झाल्यावर परत बाईंकडे बघितलं आणि चेहरा एकदम साधा. जणू काही झालंच नाही. साहेबांना तोच निर्लज्जपणा वाटला.

हातवारे

मग तुमचं अर्धं उत्तर तुम्हीच दिलंत.

आपण दुसऱ्याचं बोलणं सांगताना 'तो म्हणाला की' लावतो. सांकेतिक भाषेत बहुतेक वेळा सांगणारा थोडा वेळ तो माणूसच होतो. खांदे वळतात, नजर समोरच्यावरून सुटून त्या प्रसंगातल्या माणसाकडे जाते, चेहरा त्या माणसाचा होतो. संपलं की अंग सरळ, नजर परत आणि चेहरा स्वतःचा. 'तो म्हणाला' आणि अवतरणचिन्हं, दोन्ही कामं तिथे अंग आणि नजर करतात. सुपरवायझर उंच आहे का हो? किंवा तेव्हा उभा होता आणि 'क्ष' बसलेला होता? साक्षीदाराची नजर वर गेली ती बहुधा त्यामुळे. भिंतीकडे नाही, तो त्याच्या मनातल्या सुपरवायझरकडे बघत होता.

म्हणजे साक्षीदाराने शिवी दिली नाही. विचारलेल्या प्रश्नाचं तंतोतंत उत्तर दिलं. "काय म्हणाला" असं विचारलंत, त्याने म्हणून दाखवलं. बाईंनी म्हणायला हवं होतं: "तेव्हा 'क्ष' सुपरवायझरकडे वळून म्हणाला..." आणि पुढे ती शिवी. हे 'तो म्हणाला' हातांत कुठेच नव्हतं, पण मराठीत आणताना दुभाष्याने ते घालायलाच हवं, कारण ऐकणाऱ्याला खांद्याचं वळण ऐकू येत नाही. बाईंनी वाक्यातलं बोलणं काढलं आणि त्यावरचा स्वतःचा शेरा सांगितला. 'तो शिव्या देतोय' हे भाषांतरच नव्हे.

बाईंना दोष देत नाही. वर्गात मुलांना गणित शिकवणं हे एक काम, चौकशीत दुसऱ्याचा आवाज होणं हे वेगळं काम.

रबाळेकर

उंच आहेच. आणि हो, 'क्ष' पॅकिंग टेबलाशी स्टुलावर बसतो. बापरे.

कळव्याची_चित्रा

माझे आईबाबा दोघंही बधिर, मी ऐकणारी. घरी हीच भाषा. त्यामुळे ऐकणाऱ्यांना काय काय उद्धट वाटतं त्याची मला सवय आहे. बाबा समोरच्या माणसाकडे बोट दाखवतात, कारण 'तुम्ही' म्हणायला दुसरी खूणच नाही. एकदा बँकेत त्यावरून केवढं रामायण झालं. काउंटरवरचे साहेब म्हणाले, "बोट खाली करा." आता बोट खाली करून 'तुम्ही' कसं म्हणायचं?

नावांचंही तसंच. आमच्या समाजात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं, आणि ते बरेचदा दिसण्यावरूनच पडतं. गालावरचा व्रण, कुरळे केस, सुटलेलं पोट. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं नाव पोटावरून आहे. घरात कुणालाही त्यात टिंगल वाटत नाही. मी ते मराठीत बोलताना 'ढेरपोट्या म्हणाला' असं सांगितलं तर भांडण होईल आणि ते खोटंही ठरेल, कारण बाबा तसं म्हणालेच नाहीत. मी 'सेक्रेटरी म्हणाले' असंच सांगते.

गडकरी_कट्टा

मग ऐकणाऱ्यांना उद्धट वाटत नाही, पण बधिर लोकांना वाटतं, असं काही?

शांत_ऐरोली

मी बधिर आहे. मी सांगतो.

मी बोलत असताना तुम्ही डोळे मिटले, मान फिरवली. हा मोठा अपमान. तुम्ही कान बंद करता तसं. माझे हात धरले. हा त्याहून मोठा. माझं तोंड दाबलं, असा अर्थ होतो. शाळेत हात धरणारे शिक्षक पुष्कळ होते. त्याला कुणी शिवी म्हटलं नाही.

आमच्या शिव्या आहेत. भरपूर आहेत. वसतिगृहात तयार होतात. एका शाळेची शिवी दुसऱ्या शाळेला कळत नाही, असंही होतं. सरकारी शब्दकोशात दहा हजारांवर शब्द आहेत, पण वसतिगृहातल्या शिव्या शिकायला तिथे जाऊ नका. यादी मी देणार नाही. लोकलमध्ये आम्हीच बसलेले असतो.

गडकरी_कट्टा

बरोबर आहे. यादीची मागणी मागे.

हातवारे

शांत_ऐरोली यांच्या मुद्द्याला जोडून. आपला ठेंगा किंवा बोंब हे हावभाव आहेत. ते एकदा केले की संपलं, त्याचं वाक्य होत नाही. सांकेतिक भाषेतली शिवी हा शब्द असतो, त्यामुळे तिचं सगळं व्याकरण होतं. 'मी तुला तसं म्हणालो नाही', 'तू मला तसं म्हणालास का?', 'तो सगळ्यांनाच तसं म्हणतो', हे सगळं त्याच खुणेला दिशा देऊन, मान हलवून, भुवया बदलून होतं. तक्रारीत लिहिलेला 'अश्लील हावभाव' हा शब्दच इथे अपुरा आहे.

दुसरं असं, की खूण दिसायला बीभत्स असली तरी ती शिवी असेलच असं नाही. शरीराच्या भागांच्या खुणा पुष्कळदा जागेवरच दाखवल्या जातात किंवा आकारावरून होतात. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे मी त्याच खुणा करते. लहान, संथ, अंगाजवळ, चेहरा कोरा. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला त्या अश्लील वाटतात, पण डॉक्टरांपुढे तो निव्वळ आजाराचा तपशील असतो. त्याच खुणेला झटका दिला, मोठी केली, समोरच्याच्या दिशेने फेकली, गाल-ओठ बदलले की शिवी. म्हणून नुसत्या हाताचा फोटो काढून 'हा पुरावा' म्हणणाऱ्यांना मी हात जोडते.

आणि हाताचा आकार तर देशागणिक वेगळा. जपानी सांकेतिक भाषेत मोठा भाऊ म्हणायला मधलं बोट वर करतात. तिथल्या शाळेत दिवसभर मधली बोटं दिसत असतील आणि भांडण एकही नसेल.

पाचपाखाडी_वकील

तो २०१२चा निकाल काढून वाचला. खुणांच्या नोंदीबद्दल तुमचं बरोबर आहे, मॅडम. शब्द मागे घेतो. पण व्यवहारात मॅजिस्ट्रेटसमोर कितीदा कॅमेरा असतो ते तुम्हालाही माहीत आहे.

एक प्रश्न. मधलं बोट राहू द्या. सकाळची करंगळी तर उघड उघड अपमान आहे ना? 'तू माझ्यापुढे एवढासा'?

हातवारे

भारतीय सांकेतिक भाषेत मूठ आणि करंगळी वर म्हणजे वाईट, खराब. अंगठा वर म्हणजे चांगलं. रोजच्या वापरातले साधे शब्द आहेत, 'भाजी खराब झाली'मधलं खराब. आपल्या डोक्यात करंगळी म्हणजे कट्टी, नाहीतर शाळेत बाईंकडे मागितलेली परवानगी, म्हणून गोंधळ.

प्रश्न असा, की खराब काय? ते खुणेच्या दिशेवरून आणि आधी कशाकडे बोट गेलं त्यावरून कळतं. रबाळेकर, तेव्हा 'क्ष'समोर काय होतं?

रबाळेकर

तक्रारीनुसार सुपरवायझर समोर उभा होता. त्याच्या मागे पॅलेटवर खोक्यांची चळत. त्या बॅचच्या टेपचा चिकटपणा कमी होता, हे नंतर स्टोअरनेही मान्य केलं. म्हणजे 'खोकी खराब आहेत'?

हातवारे

असू शकतं. मी तिथे नव्हते, म्हणून 'होतंच' म्हणणार नाही. 'क्ष'ला विचारा: करंगळीच्या आधी बोट कुठे केलं होतंस? आणि तो दाखवेल तेव्हा सुपरवायझरच्या जागी कुणालातरी उभं करा आणि मागे खोकी ठेवा. बसलेला माणूस उभ्या माणसाच्या मागच्या वस्तूकडे बोट करतो, तेव्हा ते बोट त्या माणसाच्या पोटातूनच जातं.

निशिगंधा_ठाणे

बाकी पटलं. पण दुभाष्याने शिवी उच्चारायची, हे मला पटत नाही. ती बाई शिक्षिका. दहा पुरुषांच्या समोर तिने भ'कारी शब्द तोंडातून काढायचा? 'इथे आईवरून शिवी दिली' एवढं सांगितलं तरी अर्थ पोचतोच की. वर्तमानपत्रंही फुल्या मारतात.

हातवारे

हा प्रश्न आमच्यातही भांडणाचा आहे, त्यामुळे माझं मत माझं म्हणून घ्या.

मी शिवी उच्चारते. पहिल्या पुरुषात, त्याच आवाजाच्या तापमानात. बोलतोय तो, मी नाही. 'मी तुझं थोबाड फोडीन' असं मी म्हणते, तेव्हा खोलीतल्या कुणालाही वाटत नाही की मी फोडणार आहे. सुरुवातीलाच सगळ्यांना सांगते: जे बोललं जाईल ते सगळं सांगेन, अपशब्दासकट. आणि काही स्वतःचं विचारायचं असेल, तर 'दुभाषी खुलासा मागते' असं तिसऱ्या पुरुषात म्हणते, म्हणजे कुणाचं बोलणं कुठे संपलं ते कळतं. ज्या दुभाष्याला हे तोंडातून काढणं शक्य नाही, तिने काम घेण्याआधी नाही म्हणावं. मधेच फुल्या मारू नयेत.

का, तर 'आईवरून शिवी' हे वर्णन झालं. त्यावरून जोर कळत नाही. मराठीतच बघा, 'च्यायला' कुठून आलं ते सगळ्यांना माहीत आहे, पण 'च्यायला, लोकल गेली' म्हणणाऱ्यावर कुणी चौकशी लावत नाही. वर्णन केलं तर तेही 'आईवरून शिवी'च. सांकेतिक भाषेतही हुबेहूब असं होतं. अमेरिकन सांकेतिक भाषेतल्या अशा निषिद्ध खुणांवर मायरस, फिशर आणि नॅपोली यांनी २०१२ आणि २०१३ साली शोधनिबंध लिहिले आहेत. काही खुणांचा मूळचा घाण अर्थ विरून त्या नुसत्या जोर द्यायला कशा वापरल्या जातात, हे त्यांनी दाखवलं. आपल्याकडची मुलंही तसंच वापरतात, हे मी रोज बघते. नाकाच्या बाजूला बोट टेकवून, म्हणजे चमकीवरून, आपल्याकडे बाईची खूण सुरू होते. आईवरच्या काही खुणांची सुरुवातही तिथूनच. ती दिसली की ऐकणारा दचकतो. पण पुढे ती खूण कुणाच्या दिशेने गेली, की हवेतच संपली?

तेव्हा दुपारच्या प्रसंगात खरा प्रश्न हाच आहे, की 'क्ष' सुपरवायझरला 'तुझ्या आयला' म्हणाला, की परत आलेल्या मालाकडे बघून 'च्यायला' म्हणाला. पहिल्यावर शिक्षा होईल, दुसऱ्यावर होऊ नये. आणि 'आईवरून शिवी दिली' या वाक्यात दोन्ही बसतात.

निशिगंधा_ठाणे

च्यायलाचं उदाहरण पटलं, नाइलाजाने. तरीही दवाखान्यात, शाळेत, सासरच्या मंडळींपुढे मी असते तर सौम्यच केलं असतं.

शांत_ऐरोली

सौम्य केलं की काय होतं, सांगतो. मी चिडून बोलतो. हात जोरात, चेहरा लाल. दुभाषी गोड आवाजात म्हणतो, "त्यांना थोडं वाईट वाटलं." समोरचा माझे हात बघतो, तो आवाज ऐकतो, आणि हा माणूस वेडा आहे असं समजतो. शिवी मी दिली तर ती माझी आहे. माझ्या शिवीची जबाबदारी मी घेतो. ती धुऊन देऊ नका.

आणि उलट बाजू कुणी विचारत नाही. ऐकणारे आमच्यासमोर आम्हाला शिव्या देतात. दुभाषी ते आमच्यापर्यंत आणत नाही. "काही नाही, असंच बोलत होते" म्हणतो. सगळे हसतात. मी विचारतो, काय? काही नाही. मला शिवी दिली हे कळायचा हक्क मला नाही?

कळव्याची_चित्रा

हे वाचून थांबले जरा. दुकानात बाबांना मागून लोक काय काय म्हणतात ते मी त्यांना सांगत नाही. सांगावं का? त्यांना कळलं तर त्रास होतो, नाही कळलं तर ते त्याच दुकानात परत जातात. मुलगी म्हणून एक उत्तर येतं, दुभाषी म्हणून दुसरं.

हातवारे

चित्रा, तू मुलगी आहेस, नेमलेली दुभाषी नाहीस. तुझ्यावर आमचे नियम लादू नकोस. नेमलेल्या कामात मात्र खोलीत जे ऐकू येतं ते मी हातावर आणते, कुजबुज कानावर आली तर तीही.

रबाळेकर, साक्ष परत घेणार असाल तर थोडक्यात सांगते. प्रशिक्षित दुभाषी घ्या, कंपनीशी किंवा 'क्ष'शी नातं नसलेला. कॅमेरा साक्षीदाराच्या समोर, डोक्यापासून कमरेपर्यंत दिसेल असा, आणि हलवू नका. साक्षीदाराच्या मागे खिडकी नको, चेहरा काळा येतो. एकाने पूर्ण बोलून थांबायचं, मग दुभाष्याने सांगायचं, एकाच वेळी नाही. वसतिगृहातली खूण दुभाष्याला अनोळखी निघाली तर त्याने अंदाज न मारता तसं सांगावं, आणि एखादा बधिर माणूस सोबत बसवावा जो ती खूण सर्वसाधारण भाषेत फोडून देईल. नोंदीत दोन ओळी लिहा. एक: साक्षीदाराने खूण केली, व्हिडिओतली वेळ अमुक. दुसरी: दुभाष्याने सांगितलेला मराठी मजकूर. मागच्या साक्षीबद्दल 'शिवीगाळ केली' लिहू नका. 'काय म्हणाला असे विचारले असता साक्षीदाराने खूण करून दाखवली, दुभाष्याने त्याचा मजकूर सांगितला नाही' एवढंच लिहा. घडलं तेच आहे.

मंदार७७

मी आता पूर्ण धागा वाचला. सॉरी. पण त्या पुतणीने परवा जेवताना करंगळी दाखवून ताट सरकवलं, ते आत्ता कळलं.

गडकरी_कट्टा

मंदार, तिला बाथरूमला जायचं असेल रे.

रबाळेकर

अपडेट. साक्ष परत झाली. एक प्रशिक्षित दुभाषी आले, सोबत एक बधिर गृहस्थ. कॅमेरा लावला.

सकाळचं प्रकरण मिटलं. 'क्ष'ने करून दाखवलं: आधी बोट खोक्यांकडे, मग टेप ओढल्यासारखं, मग करंगळी. सुपरवायझरच्या जागी मला उभं केलं होतं. बोट खरोखर माझ्याच पोटावर आलं. साहेबांनी तो आरोप वगळला.

दुपारचं मिटलं नाही. साक्षीदाराने परत तसंच करून दाखवलं. दुभाष्याने शिवी मोठ्याने उच्चारली, शिपाई दाराबाहेर गेला. मग साहेबांनी विचारलं, 'क्ष' तेव्हा कुणाकडे बघत होता? साक्षीदार म्हणतो, आधी खोक्याकडे, मग सुपरवायझरकडे. खूण सुरू झाली खोक्याकडे बघताना, संपली सुपरवायझरकडे बघताना. 'क्ष' म्हणतो, मी खोक्यावर चिडलो, हा मधे आला म्हणून नजर गेली. ते बधिर गृहस्थ म्हणाले, ही खूण दोन्ही प्रकारे वापरतात आणि साक्षीदाराने दाखवलेल्या झटक्यावरून ते ठामपणे सांगू शकत नाहीत, कारण आठवून दाखवलेला झटका मूळचाच असेल असं नाही.

पाचपाखाडी_वकील

मग संशयाचा फायदा 'क्ष'ला.

रबाळेकर

इतकं सोपं नाही राहिलं, सर. हे सगळं चालू असताना सुपरवायझर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "या मुक्यांचं काय ऐकत बसलेत, च्यायला." दुभाष्याने ऐकलं आणि लगेच हातावर आणलं. 'क्ष' उठून उभा राहिला. सुपरवायझर ओरडला, "मी त्याला म्हणालो नव्हतो, आमचं आपसातलं बोलणं होतं!"

शांत_ऐरोली

तो दुभाषी चांगला आहे.

निशिगंधा_ठाणे

म्हणजे सुपरवायझरचा बचावही तोच, 'त्याला उद्देशून नव्हतं'.

हातवारे

'च्यायला' जाऊ दे, तो हवेतलाच होता. 'मुक्यांचं' हवेतलं नव्हतं. रबाळेकर, ते नोंदीत आलं का?

रबाळेकर

कॅमेरा साक्षीदारावर होता, पण आवाज स्पष्ट आलाय. साहेब म्हणतात, चौकशी 'क्ष'ची आहे, सुपरवायझरची नाही, ते गाळा. दुभाष्याने सही करताना लिहून ठेवलं, की खोलीत ऐकू आलेलं सर्व सांगितलं आहे. मी व्हिडिओतली वेळ लिहून पुढे वाक्य कंसात टाकलंय. उद्या टाईप करून द्यायचंय. वकीलसाहेब, कंस काढू की राहू देऊ?

पाचपाखाडी_वकील

वाक्य राहू दे, कंस काढा. आणि व्हिडिओची एक प्रत आजच्या आज 'क्ष'ला द्या, सही घेऊन.